शेवटचं बिल कितवं?

दरवर्षी 31 मार्चला दोन गोष्टी एकाच दिवशी येतात. एक आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते: आर्थिक वर्षाची अखेर. दुसरी फारशी कुणाला माहीत नसते. 2011पासून हाच दिवस 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. छोट्या कंपनीच्या हिशेबखात्यात या दोन्ही गोष्टी एका रात्रीत कशा भेटतात, ते सांगण्यासाठी पुढची गोष्ट लिहिली आहे. तिच्यातली कंपनी आणि माणसं काल्पनिक आहेत. मात्र संगणकाचे, टॅलीचे आणि कायद्याचे तपशील खरे आहेत.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर काम करून ती पुण्याच्या कारखान्यांना पाठवायची, असा धंदा. पस्तीसेक कामगार, खाजगी मर्यादित कंपनी, वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या वर. ऑफिसात टॅलीवर काम करणाऱ्या ताई, त्यांच्या हाताखाली एक मुलगा, आणि आठवड्यातून एकदा येणारा संगणकवाला. डेटा ताईंच्या टेबलाखालच्या पीसीवर होता. मुलाच्या मशीनवरूनही तोच डेटा उघडायचा.

31 मार्चच्या रात्री 8 वाजून 40 मिनिटांनी तो पीसी गोठला. माउस हलेना. ताईंनी बटण दाबून तो बंद केला आणि पुन्हा चालू केला, तर विंडोज येण्याऐवजी काळ्या पडद्यावर एक ओळ आली: बूट करायला डिस्कच सापडत नाही. खाली वाकून कान दिला, तर आतून ठराविक अंतरानं टक्, टक् असा आवाज येत होता.

"पुन्हा एकदा चालू करून बघूया की," मुलगा म्हणाला.

"नको, हात लावू नकोस. वायरच काढ."

ताईंचा हा निर्णय बरोबर होता. टकटक वाजणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं डोकं बहुधा आपली जागा शोधत चाचपडत असतं. प्रत्येक वेळी वीज दिली की ते तबकडीवर ओरखडा काढण्याची शक्यता वाढते. अशा डिस्कवरून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण त्यांना काही दिवस लागतात, पैसे बरेच लागतात आणि खात्री कुणी देत नाही. वर्षअखेरीच्या रात्री त्या वाटेचा उपयोग नव्हता.

मालक खाली आले. दुपारपासून दिलेली पेमेंट्स, पाठवलेला माल आणि सीएंनी सांगितलेल्या वर्षअखेरच्या नोंदी सगळ्या त्याच डिस्कवर होत्या. "गेलं का सगळं?" त्यांनी विचारलं. ताईंनी उत्तर न देता कपाटाची किल्ली काढली.

त्या रात्री त्या शांत राहिल्या, त्याचं कारण जानेवारीतल्या एका शनिवारी घडलं होतं.

तोपर्यंत कंपनीचा बॅकअप 'आपोआप' व्हायचा. संगणकवाल्यानं पीसीवर एक काम लावून दिलं होतं. रोज रात्री टॅलीच्या डेटाचा फोल्डर दाबून त्याची एकच झिप फाइल करायची, तिच्या नावात तारीख घालायची आणि ती ऑनलाइन साठवणीत पाठवायची. रोज सकाळी 'काम यशस्वी' असा निरोप यायचा. फाइल रोज नवी दिसायची, आकारही ठीकठाक असायचा.

जानेवारीत ताईंनी हट्ट धरला की त्यातली एक फाइल उघडून बघायचीच. संगणकवाल्यानं जुना लॅपटॉप आणला, त्यावर टॅली टाकली, आदल्या रात्रीची फाइल उतरवली, वेगळ्या फोल्डरमध्ये सोडवली आणि कंपनी उघडली. कंपनीचं नाव आलं. ट्रायल बॅलन्स काढला, तर जमा आणि नावे दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळत होत्या. "बघा, चाललंय की," तो म्हणाला.

ताईंनी विचारलं, "शेवटचं बिल कितवं दाखवतंय?"

शेवटचं बिल सप्टेंबरातलं होतं.

झालं होतं असं. सप्टेंबरात C ड्राइव्ह भरत आला म्हणून डेटा D वर हलवला होता. टॅलीला नवा पत्ता सांगितला आणि काम पुढे सुरू झालं. जुना फोल्डर 'राहू दे, असावा' म्हणून C वरच ठेवला. पण बॅकअपच्या कामाला नवा पत्ता कुणी सांगितला नाही. ते इमानेइतबारे रोज हाच फोल्डर उचलत राहिलं:

```
C:\Users\Public\TallyPrime\data
```

म्हणजे रोज रात्री सप्टेंबरातले हिशेब नव्या तारखेच्या वेष्टनात बांधले जात होते. कुठलीही चूक झाली नाही, म्हणून कुठलाही इशारा आला नाही. सांगितलेला फोल्डर उचलला गेला, नीट पोचला. फक्त त्यात कंपनीचा चालू हिशेब नव्हता.

इथं ट्रायल बॅलन्सबद्दल नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुष्कळ अनुभवी माणसंही इथं फसतात. दुहेरी नोंदीच्या पद्धतीत प्रत्येक व्हाउचर दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम टाकतं. त्यामुळे कुठल्याही क्षणी पुस्तकं थांबवली तरी ट्रायल बॅलन्स जुळतोच. सप्टेंबरातला सप्टेंबरात जुळत होता आणि जानेवारीत उघडला तरी जुळणारच. तो जुळला म्हणजे फाइल फाटलेली नाही, एवढंच बहुतेक कळतं. ती ताजी आहे की शिळी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बाहेरच्या जगाशी ताडता येतील अशा गोष्टी बघाव्या लागतात. शेवटच्या विक्री बिलाचा नंबर आणि तारीख बघायची, बँकेच्या खात्याची शिल्लक बघायची, आणि टॅलीच्या स्टॅटिस्टिक्स या पानावर कुठल्या प्रकारची किती व्हाउचर दिसतात ते बघायचं.

त्याच शनिवारी दुसरी अडचण निघाली. टॅलीचं लायसन्स एका मशीनला बांधलेलं असतं. ते दुसऱ्या मशीनवर चालू करायला लायसन्सवर नोंदलेला ई-मेल आणि त्याचा पासवर्ड लागतो. नोंदलेला ई-मेल निघाला कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. लायसन्स नसलं तरी टॅली शैक्षणिक रूपात उघडते, पण त्यात महिन्याच्या ठराविक तारखांनाच नोंदी करता येतात. त्यावर कुणी ऑफिस चालवू शकत नाही. जानेवारीत ई-मेल बदलून घ्यायला वेळ होता. 31 मार्चच्या रात्री नऊ वाजता तो मिळाला नसता.

त्या दिवसापासून ताईंनी पद्धत बदलली. C वरच्या जुन्या फोल्डरच्या नावापुढे 'जुना' असं लिहून टाकलं, म्हणजे घाईत तोच कुणी उघडू नये. रात्रीच्या कामाला बरोबर पत्ता दिला. शिवाय त्या स्वतः टॅलीतून `Alt+Y` दाबून बॅकअप घेऊ लागल्या. त्यासाठी बाहेरच्या दोन डिस्क आलटूनपालटून वापरायच्या आणि बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवायची. पीसीला कायम जोडून ठेवलेली डिस्क चोरापासून वाचत नाही, आणि खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. फायली सगळ्या यंत्रांवर सारख्या ठेवणारी सिंक सेवा म्हणजेही बॅकअप नव्हे. मूळ फाइल बिघडली की बिघडलेलीच प्रत ती सगळीकडे पोचवते.

मार्चमध्ये त्या दिवसातून दोन बॅकअप घ्यायच्या. एक दुपारी दीडला, सगळे टॅलीतून बाहेर पडून जेवायला गेले की. दुसरा रात्री निघताना. दोन का, याचा विचार त्यांनी एका प्रश्नावरून केला होता: किती तासांचं काम पुन्हा करायला आपल्याला परवडेल? एरवी एक दिवस परवडतो. वर्षअखेरीला अर्धा दिवसही जड जातो.

प्रत्येक बॅकअपच्या वेळी एका वहीत चार आकडे लिहायचे. 31 मार्चच्या दुपारची ओळ अशी होती: शेवटचं विक्री बिल 1418, बँक शिल्लक 18,42,650 रुपये, ट्रायल बॅलन्सची बेरीज आणि एकूण व्हाउचर.

आता त्या रात्रीकडे. 9 वाजून 10 मिनिटांनी जुना लॅपटॉप टेबलावर होता. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लायसन्सचा क्रमांक, ई-मेल आणि कामाचा क्रम लिहिला होता. पासवर्ड बंद पाकिटात मालकांकडे होता. ताईंनी दुपारची डिस्क जोडली आणि आधी तिच्यावरची फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली. मूळ प्रतीवर काम करायचं नाही, हा कागदावरचा पहिला नियम होता. मग रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर केलं. रिकाम्या फोल्डरचा आग्रह अशासाठी की डेटा असलेल्या जागी रिस्टोअर केलं तर तिथला डेटा पुसला जाऊन त्याच्या जागी बॅकअप बसतो. चुकून जुना बॅकअप चालू डेटावर बसवून स्वतःच्या हातानं महिन्याचं काम घालवणारी ऑफिसं आहेत.

कंपनी उघडली. मुलगा वही वाचत गेला, ताई पडद्यावर बघत गेल्या. शेवटचं बिल 1418. बँक शिल्लक 18,42,650. ट्रायल बॅलन्सची बेरीज तीच, व्हाउचरही तेवढीच. पावणेदहा वाजले होते.

"म्हणजे वाचलो?" मालकांनी विचारलं.

"दुपारी दीडपर्यंतचं वाचलं, साहेब. पुढचं आता गोळा करायचं."

बॅकअप आपल्याला तो घेतला त्या क्षणापर्यंतच परत नेतो. त्यानंतरचे सात तास कुठून तरी जमवावे लागतात, आणि ते कुठून जमतात हे बघण्यासारखं आहे.

बँकेचं काम सोपं होतं. नेटबँकिंगच्या उताऱ्यात दुपारनंतरच्या तीन जमा दिसल्या, एकूण 6,15,000 रुपये. अकरा पेमेंट्स गेली होती, 14,08,200 रुपयांची. त्यातली बरीचशी लघुउद्योजक पुरवठादारांची होती. त्यांचे पैसे कायद्यानं ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर आयकरात त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, म्हणून 31 मार्चला ती धावपळ असते. नोंदी घातल्यावर टॅलीतली शिल्लक 10,49,450 रुपये आली आणि बँकेच्या पानावरही तीच होती.

विक्रीची बिलं थोडी अवघड होती. पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायाला 1 ऑगस्ट 2023 पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यवसायाला दिलेलं प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यावं लागतं. तिथून त्या बिलाला 64 अक्षरांचा एक आयआरएन मिळतो. त्यामुळे दुपारनंतरची बिलं पोर्टलवर सुरक्षित होती: 1419, 1420, 1422 आणि 1423. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा नंबर यांवरून बनतो. म्हणून ही बिलं पुन्हा घालताना नंबर आणि तारीख जशीच्या तशीच ठेवावी लागते. नंबर बदलला तर पोर्टलच्या दृष्टीनं ते वेगळंच बिल होतं, आणि ग्राहकाकडे गेलेला कागद व आपलं पुस्तक यांचा मेळ तुटतो. बिल सेव्ह करताना टॅलीनं पोर्टलवर पाठवू का विचारलं, तर ताईंनी नको म्हटलं आणि आधी मिळालेला आयआरएन पाहून भरला.

पण मधलं 1421 कुठं होतं? नंबर आपोआप पडतात, मध्ये खाच पडत नाही. म्हणजे ते बिल निघालं होतं, फक्त पोर्टलवर नव्हतं. मुलगा गेटवर जाऊन वॉचमनची वही घेऊन आला. दुपारी सव्वाचारला टेंपो बाहेर गेल्याची नोंद होती: टर्निंगचं भंगार, वजनकाट्याची पावती जोडलेली. घेणारा जीएसटीत नोंदलेला नव्हता, म्हणून ते पोर्टलवर गेलं नव्हतं, आणि रक्कम कमी असल्यानं ई-वे बिलही काढलेलं नव्हतं. पैसे रोख आले होते, म्हणून बँकेतही माग नव्हता. गेटची वही नसती आणि नंबरांमधली खाच कुणी पाहिली नसती, तर ते बिल नाहीसंच झालं असतं.

खरा त्रास जर्नल नोंदींचा झाला. द्यायच्या राहिलेल्या खर्चाच्या तरतुदी, घसारा, चुकीच्या खात्यात पडलेल्या रकमा सरकवणं, अशा नऊ नोंदी ताईंनी संध्याकाळी केल्या होत्या. त्यांचा बाहेरच्या जगात कुठेही पुरावा नसतो. त्या फक्त हिशेबनिसाच्या डोक्यात आणि पुस्तकात असतात. सातांची यादी सीएंनी पाठवलेल्या कागदावर होती. उरलेल्या दोन ताईंनी फोनवर बोलून लगेच घातल्या होत्या आणि कुठे लिहिल्या नव्हत्या. त्यातली एक आठवली. दुसरीसाठी सीएंना रात्री साडेअकराला फोन करावा लागला.

पावणेएकच्या सुमारास एकूण 28 नोंदी झाल्या. ताईंनी लगेच बॅकअप घेतला, दुसऱ्या डिस्कवर. मग त्यांनी एका कागदावर काय बिघडलं, कुठल्या वेळेचा बॅकअप वापरला, कुठल्या नोंदी पुन्हा घातल्या हे लिहून मालकांची सही घेतली. हा कागद ऑडिटसाठी होता. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंद कधी केली, कधी बदलली याचा माग राहणं सक्तीचं आहे, आणि ऑडिटर तो बघतात. तारीख 31 मार्चची, पण प्रत्यक्ष नोंद 1 एप्रिलच्या पहाटे, अशी व्हाउचरं तिथं दिसणारच. त्यात गैर काही नाही, पण कारण त्याच वेळी लिहून ठेवलेलं बरं.

जानेवारीत फाइल उघडून पाहिली नसती तर त्या रात्री हाताशी सप्टेंबरचे हिशेब असते. तेव्हाही सगळं गेलं नसतं. विक्री पोर्टलवरून मिळाली असती, खरेदी जीएसटीच्या 2बी पत्रकातून, बँक उताऱ्यावरून. पण सहा महिन्यांची रोख, साठ्याच्या हालचाली, कुठलं पेमेंट कुठल्या बिलापोटी याचे मेळ आणि सगळ्या जर्नल नोंदी पुन्हा उभ्या करायला कित्येक आठवडे गेले असते, आणि त्या जशाच्या तशा झाल्या असत्या याची हमी कुणी दिली नसती.

छोट्या ऑफिसांनाच हे होतं असं मुळीच नाही. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, सुमारे 300 जीबी. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी होती. बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा असल्यानं दर वेळी अपयशी ठरत होता, आणि तसं कळवणारे ई-मेल मेल-यंत्रणा नाकारत होती. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी योगायोगानं घेतलेली एक प्रत होती, तिनं त्यांना वाचवलं. त्यांनी ही हकीकत स्वतःच सविस्तर जाहीर केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे कायदा या बाबतीत बराच पुढे आला आहे. कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांत ऑगस्ट 2022 मध्ये बदल झाला. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. पुस्तकं आठ वर्षं जपायची आहेत. मात्र तो बॅकअप अमुक दिवसांनी उघडून पाहा, असं त्यात लिहिलेलं नाही. शिरोलीतल्या त्या कंपनीचा सप्टेंबर ते जानेवारीचा बॅकअपही रोज, वेळेवर, भारतातल्या सर्व्हरवर जातच होता.

म्हणून तुमच्या दुकानात, सोसायटीत, पतसंस्थेत किंवा कारखान्यात जे कुणी हिशेब बघतात, त्यांना येत्या शनिवारी अर्धा दिवस मोकळा द्या. कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडायला सांगा. मग शेजारी बसा आणि शेवटचं बिल कितवं आहे ते विचारा.